कोर्टातला पुरावा आणि वर्गातला प्रश्न

आमच्या बेळगाव भागात ‘पुरावा’ हा शब्द मुलांच्या कानावर फार लवकर पडतो. घरात सीमाप्रश्नाचं बोलणं निघालं की जुन्या जनगणनेचे आकडे निघतात, जमिनीचे उतारे निघतात, आजोबा शिकले त्या शाळेचा मराठी दाखला निघतो. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, तेव्हा घराघरातला माणूस थोडाफार वकील झालेला आहे. त्याला दोष द्यायचं कारण नाही. पण त्या सवयीने पुराव्याचा एकच अर्थ मनात रुजतो: आपली बाजू आधीच ठरलेली आहे, तिला जे बळ देतं तो पुरावा आणि जे देत नाही तो समोरच्याचा कांगावा. माझ्याच वर्गात शेजारी बसणाऱ्या कन्नड घरातल्या मुलाचीही रीत हीच असते, फक्त कागद वेगळे.

मी या सीमाभागात पदवीच्या वर्गाला इतिहासलेखन शिकवतो. गेली काही वर्षं एका गोष्टीवर सहकाऱ्यांशी माझा वाद चालू आहे आणि तो वाद चार भिंतींबाहेर यावा म्हणून हे लिहितो आहे. आपण परीक्षेत विचारतो, ‘चौरीचौरा प्रकरणाविषयी विविध इतिहासकारांची मते स्पष्ट करा.’ दहा मार्क. मुलं तीन परिच्छेद लिहितात: राष्ट्रवादी इतिहासकार असे म्हणतात, मार्क्सवादी तसे म्हणतात, सबाल्टर्न, म्हणजे तळागाळातल्या माणसांच्या बाजूने लिहिणारे, इतिहासकार आणखी काही म्हणतात. शेवटी ‘अशा प्रकारे विविध मते आढळतात’. गाईडमध्ये हेच असतं आणि मार्कही मिळतात. मुलगा शिकतो ते एवढंच की इतिहासकारांचेही पक्ष असतात, जसे आमच्याकडे गल्लीगल्लीत असतात. माझं म्हणणं आहे की हा प्रश्न प्रश्नपत्रिकेतून काढून टाकावा. मतं विचारू नयेत. कोणी कोणता कागद हातात घेतला, तो कागद कोणी, कशासाठी तयार केला होता, आणि त्यातून तो इतिहासकार जे म्हणतो ते खरंच निघतं का, हे विचारावं.

चौरीचौराच का, तर त्या घटनेचे कागद मुख्यतः कोर्टाचे आहेत. कोर्टाच्या कागदावर ज्यांचा पिढीजात विश्वास आहे, अशा आमच्या मुलांना यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही. शिवाय ते गाव तिकडे गोरखपूर जिल्ह्यात, इथून इतकं लांब आहे की तिथे आमची मराठी बाजूही नाही आणि कन्नड बाजूही नाही. राणी चन्नम्मा किंवा संगोळ्ळी रायण्णा यांच्यावर याच पद्धतीने प्रश्न विचारावेत असं मलाही वाटतं. पण पहिल्याच दिवशी तो विषय घेतला तर वर्गातला प्रत्येक जण कागद वाचण्याआधी कोण काय बोलतंय ते पाहतो. आधी लांबच्या गावात सवय लावावी, मग घरी यावं.

घटना थोडक्यात अशी. चौरी आणि चौरा ही गोरखपूर जिल्ह्यातली दोन गावं. त्यांची नावं जोडून रेल्वे स्टेशनचं नाव झालं. फेब्रुवारी १९२२ च्या सुरुवातीला जवळच्या मुंडेरा बाजारात दारू, मांस-मासळीचे भाव यांवरून स्वयंसेवकांचं धरणं चालू होतं. तिथे दारोगा गुप्तेश्वर सिंहने भगवान अहीर या स्वयंसेवकाला मारहाण केली. हा भगवान सरकारी फौजेतून मेसोपोटेमियात जाऊन आलेला पेन्शनर होता. ४ फेब्रुवारीला सकाळी डुमरी गावात स्वयंसेवक जमले, दारोग्याला जाब विचारायचा म्हणून मिरवणुकीने ठाण्यावरून निघाले, तिथे बाचाबाची झाली, पोलिसांनी आधी हवेत आणि मग जमावावर गोळीबार केला, काही माणसं मेली. जमावाने रेल्वेच्या रुळांजवळची खडी उचलून मारा केला, पोलीस पळून ठाण्याच्या आत शिरले, आणि ठाणं पेटवून देण्यात आलं. दारोग्यासकट ठाण्यातले बहुतेक सगळे पोलीस मारले गेले. बार्डोलीत सत्याग्रहाची तयारी करत असलेल्या गांधीजींना बातमी कळली आणि ११ व १२ फेब्रुवारीला तिथेच काँग्रेस कार्यकारिणीने सामुदायिक कायदेभंग थांबवण्याचा ठराव केला.

वर्गातला माझा पहिला प्रश्न अगदी बारीक असतो. चार पुस्तकं देतो आणि घटनेची तारीख व मेलेल्या पोलिसांचा आकडा शोधायला सांगतो. तारीख काही ठिकाणी ४ सापडते, काही ठिकाणी ५. आकडा कुठे २२, कुठे २३. मुलांना आधी ही छपाईची चूक वाटते. मग मी विचारतो, ५ तारीख लिहिणाऱ्याने ती कुठून घेतली असेल? खटल्याच्या कागदांत ४ आहे, म्हणजे त्याने खटल्याचे कागद पाहिलेले नाहीत. त्याने आधीचं एखादं पुस्तक पाहिलं आणि त्या लेखकाने त्याच्या आधीचं. चुकीची तारीख ही पुस्तकांची वंशावळ सांगते. कोणी मूळ कागदापर्यंत गेला आणि कोणी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतलं, हे ओळखायची ही साधी खूण मुलं पुन्हा विसरत नाहीत. आकड्याचं थोडं वेगळं आहे. तिथे मोजणाऱ्याने कोणाला मोजलं, दारोगा धरला की सोडला, असे प्रश्न येतात, आणि दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात.

दुसरा प्रश्न बार्डोलीच्या ठरावाचा, आणि तो मी आठवडाभर लांबवतो. या ठरावात हिंसेचा निषेध आहे, मिरवणुका थांबवण्याचं सांगणं आहे, चरखा आणि राष्ट्रीय शाळांचा कार्यक्रम आहे. त्याचबरोबर शेतकऱ्यांनी सरकारचा सारा भरावा असं आहे, आणि जमीनदारांचा खंड रोखून धरणं काँग्रेसच्या ठरावांविरुद्ध व देशाला घातक आहे, जमीनदारांच्या कायदेशीर हक्कांवर घाला घालण्याचा काँग्रेसचा हेतू नाही, असंही आहे. मार्क्सवादी लेखक रजनी पाम दत्त यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडिया टुडे’त नेमकं या शेवटच्या कलमांवर बोट ठेवलं. त्यांचा सवाल असा की प्रश्न जर हिंसेचा होता, तर खंडाची गोष्ट ठरावात आलीच कशाला? खंड न भरणं यात हिंसा कुठे आहे? त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की नेतृत्वाला भीती होती ती मालमत्तेच्या हक्कांची. १९८८ मध्ये बिपन चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे खोडून काढलं. चौरीचौऱ्यात जमीनदाराविरुद्ध लढा नव्हताच, कुठलीही लोकचळवळ सतत शिगेला राहू शकत नाही, आणि माघार ही लढ्याच्या डावपेचातली एक पायरी होती, असं त्यांचं म्हणणं.

इथे गाईड थांबतं. खरा प्रश्न इथून पुढे आहे. मी मुलांना ठरावाची ती कलमं मराठीत देतो आणि विचारतो: या कागदावरून कोणती गोष्ट पक्की सिद्ध होते? वाद घालून घालून वर्ग एका जागी येतो. काँग्रेस कार्यकारिणीला त्या दिवशी जमीनदारांना जाहीर आश्वासन द्यावंसं वाटलं, हे पक्कं. ते आश्वासन हेच माघारीचं कारण होतं, हे मात्र कागदात नाही. ती उडी दत्तांची आहे. मग पुढचा प्रश्न, ही उडी खरी की खोटी ते पाहायला आणखी काय लागेल? एकदा खानापूरकडच्या एका मुलीने विचारलं होतं, ‘सर, त्या वेळेला खंड कोण बुडवत होतं काय कुठं?’ हाच विचारायचा प्रश्न. अवधमध्ये, हरदोई, सीतापूर या बाजूला त्याच महिन्यांत ‘एका’ नावाची शेतकऱ्यांची चळवळ चालली होती आणि तिचा रोख खंडावर होता. म्हणजे कलमाला संदर्भ आहे, ते हवेतून आलेलं नाही. दत्तांनी ते पाहिलं यात त्यांची नजर दिसते. पण उलट बाजूने पाहा. माघार बार्डोलीतही घेतली गेली आणि बार्डोली रयतवारी मुलूख. तिथला शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा, मध्ये जमीनदार नव्हता. जमीनदारांच्या भीतीने सगळं थांबवलं म्हणायचं तर जिथे जमीनदारच नाही तिथली तयारी का थांबवली, याचं उत्तर दत्तांना द्यावं लागतं.

बिपन चंद्रांनाही असंच धरावं लागतं. चळवळ ओसरत होती, या म्हणण्याला आधार काय? जवाहरलाल नेहरूंनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की बाहेरून जोरात दिसली तरी चळवळ आतून विस्कटत चालली होती. हा भरभक्कम साक्षीदार वाटतो. पण ते आत्मचरित्र लिहिलं गेलं १९३४-३५ मध्ये, बारा वर्षांनी, तुरुंगात. फेब्रुवारी १९२२ मध्ये हेच नेहरू लखनौच्या तुरुंगात माघारीच्या बातमीने अस्वस्थ झाले होते, आणि १९ फेब्रुवारीला गांधीजींना त्यांना समजावणारं पत्र लिहावं लागलं की चळवळ थांबवली नसती तर आपण अहिंसक नव्हे, हिंसक लढाच चालवत राहिलो असतो. एकाच माणसाची दोन वेळची मनं आहेत. इतिहासकाराने नंतरचं मन निवडलं तर का निवडलं हे सांगायला हवं. वर्गात कोणीतरी लगेच म्हणतं, मग नेहरूंचं पुस्तक बाद. बाद नाही. ते १९३४ च्या नेहरूंना काय वाटलं याचा उत्तम पुरावा आहे, १९२२ च्या चळवळीच्या प्रकृतीचा मात्र दुय्यम.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो खटल्याच्या कागदांचा. गोरखपूरच्या सेशन्स कोर्टात २२५ जणांवर खटला चालला आणि १७२ जणांना फाशी सुनावली गेली. पंडित मदनमोहन मालवीय अपिलात उभे राहिले. अलाहाबाद हायकोर्टाने १९२३ मध्ये फाशी १९ जणांवर आणली आणि जुलै १९२३ मध्ये त्यांना फासावर दिलं. त्या दिवशी डुमरीत, बाजारात आणि ठाण्यापुढे काय झालं, याची आपल्याकडची जवळजवळ सगळी तपशीलवार माहिती या खटल्यातून येते. आणि खटल्याचा कणा होती माफीच्या साक्षीदाराची, मीर शिकारीची, साक्ष.

आमची मुलं इथे दचकतात, कारण ‘कोर्टात सिद्ध झालं’ यापुढे काही असतं असं त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून माफीचा साक्षीदार म्हणजे काय ते मी सावकाश सांगतो. त्याला स्वतःचा गुन्हा कबूल करावा लागतो, नाहीतर त्याच्या शब्दाला किंमत नाही. त्याला इतरांना ओवावं लागतं, नाहीतर माफीचं कारण नाही. त्याची गोष्ट इतर साक्षींशी जुळावी लागते, नाहीतर वरचं कोर्ट ती मानणार नाही. आणि सरकारी पक्षाची स्वतःची एक गरज असते. एका माणसाचा खून शेकडो माणसांवर लावायचा तर जमाव बेकायदा होता आणि त्याचा हेतू एक होता, हे दाखवावं लागतं. भारतीय दंड संहितेचं १४९ कलम हेच मागायचं. आता अशा साच्यात चौरीचौऱ्याची गोष्ट ओतली की काय होतं? डुमरीची सकाळची सभा ठळक होते, कारण तिथे हेतू ठरला असं दाखवता येतं. कोण कोणाच्या पुढे चाललं, कोणी शपथ दिली, ही नावं येतात. बाजारातले भाव, भगवान अहीरला खावा लागलेला मार, गोळीबारात मेलेली माणसं हे सगळं कडेला जातं, कारण त्यातून जमावाचा राग समजतो पण समान हेतू सिद्ध होत नाही. साक्षीदाराने खोटंच सांगितलं असं यात कुठेही म्हणावं लागत नाही. त्याला विचारलं काय गेलं आणि उत्तरातलं कारकुनाने काय टिपून घेतलं, एवढ्यानेच गोष्टीचा आकार ठरतो.

इतिहासकार शाहीद अमीन यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं आणि १९९५ मध्ये पुस्तकरूपाने मांडलं. त्यांनी खटल्याचे कागद टाकून दिले नाहीत. ते कसे घडले हे वाचलं, आणि मग त्या गावांत जाऊन शिक्षा झालेल्यांच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलले. तिथे त्यांना ‘ओटियार’ हा शब्द भेटला. व्हॉलंटियरचा गावठी उच्चार, पण अर्थही बदललेला: घरोघर चुटकी म्हणजे चिमूटभर धान्य मागणारे, गेरुआ कपड्यातले, गांधीबाबाची माणसं. काँग्रेसच्या नोंदवहीतला स्वयंसेवक आणि गावातला ओटियार एकच माणूस असूनही एकच नव्हे. गोळीबार झाला तेव्हा गांधीजींच्या कृपेने गोळ्यांचं पाणी होतंय असं लोक म्हणाले, ही नोंद आपण वाचतो. काँग्रेसची शिस्त मोडली म्हणणारा इतिहास तिला अडाणीपणा मानून पुढे जातो, अमीन तिथे थांबतात.

मला अमीन यांचं काम फार आवडतं, आणि म्हणूनच वर्गात त्यांनाही मी तोच प्रश्न लावतो. साठ-सत्तर वर्षांनी सांगितलेली आठवण कोणत्या हवेत घडली? मधल्या काळात देश स्वतंत्र झाला. इंग्रजांनी मेलेल्या पोलिसांचं स्मारक उभारलं होतं, नंतर त्याच गावात फाशी गेलेल्यांचंही स्मारक झालं. स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन आली. कालपर्यंत गुन्हेगार म्हणून ज्यांचं नाव घ्यायला घर कचरत होतं, तो आता हुतात्मा होऊ शकत होता. अशा वेळी नातवंडांसमोर आजी जे सांगते त्यात १९२२ किती आणि नंतरची वर्षं किती? अमीन यांना हे माहीत आहे; पुस्तकाच्या नावातच त्यांनी १९२२ ते १९९२ असा काळ घातला आहे. पण परीक्षेत ‘सबाल्टर्न इतिहासकारांनी सामान्यांचा आवाज पुढे आणला’ असं वाक्य लिहून पूर्ण मार्क मिळवणाऱ्या मुलाला ते कळत नाही. आवाज कधीचा, हे त्याला विचारलंच जात नाही. आमच्याकडे हा प्रश्न समजायला वेळ लागत नाही. दर १७ जानेवारीला १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन करताना सांगितली जाणारी आठवण आणि त्या महिन्यातलं वर्तमानपत्र यांत अंतर असतं, हे मुलांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे आठवण खोटी ठरत नाही. ती कोणत्या वर्षाची आहे हे मात्र तिच्यावर लिहावं लागतं.

सहकाऱ्यांची हरकत मला मान्य आहे की हे सगळं वेळखाऊ आहे, कागद इंग्रजीत आहेत, दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाची कॉलेजात आल्यावर आधीच दमछाक झालेली असते. म्हणूनच मी पुस्तकं नेमत नाही. अर्ध्या पानाचा ठराव, अर्ध्या पानाची साक्ष, एवढंच मराठीत करून देतो आणि सहामाहीत चारच प्रश्न घेतो. दुसरी हरकत मात्र मान्य नाही. ती अशी की यातून मुलं ‘सगळंच सापेक्ष’ म्हणायला शिकतील. उलट, अनुभव असा आहे की मुलं फार कडक होतात. दत्तांनी दाखवलेलं कलम खरं आहे, त्यांच्याविरुद्ध बार्डोलीकडे बोट दाखवणारा वाचक बरोबर आहे, ५ तारीख चूक आहे, अशी तीन वेगवेगळ्या तोलाची वाक्यं तीही वेगवेगळ्या आत्मविश्वासाने लिहू लागतात. सापेक्षता शिकवते ती ‘विविध मते आढळतात’ ही ओळ.

चौथा प्रश्न मी शेवटी ठेवतो, कारण तो बेळगावचाच आहे. वर्गातली बहुतेक मुलं टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून रोज येतात-जातात. डिसेंबर १९२४ च्या ज्या अधिवेशनासाठी ती खणली, ते गांधीजींनी अध्यक्ष म्हणून चालवलेलं एकमेव अधिवेशन, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. अधिवेशनात ठरलं काय, हे विचारलं की शांतता. तिथे गांधीजी आणि स्वराज्य पक्ष यांच्यात नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात झालेल्या कराराला मान्यता मिळाली. त्या करारात एक कलम होतं: परदेशी कापड न वापरणं एवढं वगळून असहकार हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्थगित करावा.

आता मी बार्डोलीचा ठराव आणि हे कलम शेजारी शेजारी ठेवतो. फेब्रुवारी १९२२ मध्ये थांबला तो सामुदायिक कायदेभंग. कोर्टं, सरकारी शाळा यांच्यावरचा बहिष्कार कागदावर तसाच राहिला. तो उठला बेळगावात, जवळजवळ तीन वर्षांनी. तरीही ‘चौरीचौऱ्यामुळे असहकार आंदोलन मागे घेतलं’ हे वाक्य आपण सर्वांनी लिहून मार्क मिळवले आहेत. ते सपशेल खोटं नाही, कारण १९२२ नंतर चळवळीत जीव उरला नव्हता असं कोणी म्हणू शकतं. पण असं म्हणणाऱ्याने ‘जीव’ कशात मोजला हे सांगायला हवं: तुरुंगात गेलेल्यांच्या संख्येत, बंद शाळांत, की ठरावाच्या शब्दांत. तिन्ही मोजपट्ट्यांनी वेगळी तारीख येते. गेल्या वर्षीचा माझा चाचणीचा प्रश्न एवढाच होता: असहकार आंदोलन कधी संपलं, बार्डोलीत की बेळगावात, आणि तुम्ही कोणत्या कागदावरून म्हणता?

निपाणीचा एक मुलगा पेपर देताना माझ्या टेबलाजवळ थांबला. ‘सर, मी बार्डोली लिहिलोय. पण बेळगावचा कागद माझ्या विरुद्ध जातोय, तेबी लिहिलोय.’ त्या पेपराला मी सगळ्यात जास्त मार्क दिले.